महागाई शून्याजवळ, मग फी कशाला वाढवायची? रिटेनर करारातले दरवाढीचे कलम, आकड्यांसकट

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाची किरकोळ महागाई ०.२५ टक्के निघाली. म्हणजे आदल्या वर्षी ऑक्टोबरात जी घरखर्चाची टोपली १०० रुपयांना येत होती, ती २०२५ मध्ये सव्वाशे नव्हे, १०० रुपये २५ पैशांना आली. ही बातमी वाचलेल्या ग्राहकाकडे एखादी छोटी डिझाइन एजन्सी, करसल्लागार किंवा आयटी सपोर्ट करणारी फर्म 'यंदा फी सात टक्के वाढवा' म्हणत गेली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: महागाईच नाही, मग सात टक्के कसले?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला हिशेबातच उत्तर द्यावे लागते. अडचण अशी, की हे उत्तर द्यायची वेळ बहुतेकांवर चुकीच्या क्षणी येते. करार होऊन दोन वर्षे उलटलेली असतात, करारात वाढीबद्दल एक ओळ नसते, आणि हातातले काम सोडणे परवडणारे नसते. ती ओळ सही करण्याआधी कशी लिहायची, तिच्यातला टक्का कुठून काढायचा आणि ती असूनही पैसे का अडकतात, ते इथे पाहू.

## रिटेनर म्हणजे काय आणि वाढ कुठे अडते

रिटेनर म्हणजे ठरलेल्या सेवेसाठी दरमहा ठरलेली फी. कामाचे प्रमाण महिन्याला थोडे वर-खाली होते, पण बिल तेच राहते. वकील, सीए, वेबसाइट सांभाळणारे, सोशल मीडिया पाहणारे, मनुष्यबळ सल्लागार, सगळ्यांकडे हा प्रकार असतो. करार एक वर्षाचा असेल तर विशेष प्रश्न येत नाही. संपल्यावर नवा दर ठरतो. करार तीन किंवा पाच वर्षांचा झाला, की पहिल्या महिन्यात ठरलेला दर पुढची सगळी वर्षे गोठून राहतो. खर्च मात्र गोठत नाही.

दरवाढीचे कलम, ज्याला कॉर्पोरेट भाषेत एस्कलेशन क्लॉज म्हणतात, ते म्हणजे दर कधी, किती आणि कोणत्या मापाने वाढेल हे आधीच लिहून ठेवणे. मराठी घरात ही गोष्ट नवी नाही. भाड्याच्या घराचा छत्तीस महिन्यांचा करार करताना 'पहिले वर्ष २०,०००, दुसरे २१,०००, तिसरे २२,०५०' असे तिन्ही आकडे त्यात लिहिलेले असतात. घरमालक दरवर्षी येऊन भाडे वाढवा म्हणून विनवण्या करत नाही आणि भाडेकरूलाही धक्का बसत नाही. सरकारी नोकराचा महागाई भत्ता हा दुसरा नमुना. तिथे टक्का आधी ठरलेला नसतो, पण कोणता निर्देशांक धरायचा आणि जानेवारी-जुलैपासून लागू करायचा हे ठरलेले असते. रिटेनर करारातली सगळी कलमे शेवटी या दोन नमुन्यांपैकी एक असतात, नाहीतर दोघांचे मिश्रण.

## ऐंशी हजारांचे तीन वर्षांत काय होते

समजा, पुण्यातली चार जणांची एक एजन्सी आहे. चाकणच्या एका कारखान्याची वेबसाइट, कॅटलॉग आणि प्रदर्शनांचे साहित्य ती तीन वर्षांसाठी सांभाळणार आहे. फी दरमहा ८०,००० रुपये, जीएसटी वेगळा. या एका ग्राहकावर तिचा महिन्याचा खर्च असा येतो: माणसांच्या पगाराचा वाटा ५२,०००, सॉफ्टवेअर आणि होस्टिंग ६,०००, जागेचे भाडे व वीज यांचा वाटा ८,०००. एकूण ६६,०००. हातात उरतात १४,०००.

आता पगार वर्षाला ९ टक्क्यांनी वाढले, सॉफ्टवेअर १० टक्क्यांनी (बरीच सॉफ्टवेअर डॉलरमध्ये आकारली जातात, त्यामुळे रुपया घसरला तरी बिल वाढते) आणि जागा ५ टक्क्यांनी, असे धरू. फी मात्र ८०,००० वरच आहे.

| वर्ष | पगार | सॉफ्टवेअर | जागा-वीज | एकूण खर्च | उरलेले |
|---|---|---|---|---|---|
| पहिले | ५२,००० | ६,००० | ८,००० | ६६,००० | १४,००० |
| दुसरे | ५६,६८० | ६,६०० | ८,४०० | ७१,६८० | ८,३२० |
| तिसरे | ६१,७८१ | ७,२६० | ८,८२० | ७७,८६१ | २,१३९ |

खर्च वाढला जेमतेम साडेआठ टक्क्यांनी, पण उरलेली रक्कम पहिल्याच वाढीत चाळीस टक्क्यांनी घसरली. तिसऱ्या वर्षी ती चहापाण्याच्या खर्चाएवढी उरली. इथेच लोक फसतात. खर्चात आठ टक्के वाढ झाली तर नफाही आठेक टक्क्यांनी घटेल, असे मनात असते. प्रत्यक्षात वाढीचा सगळा भार त्या शेवटच्या पातळ थरावर पडतो. तीन वर्षांत ५ लाख ४ हजार हाती लागायला हवे होते, लागतात सुमारे २ लाख ९३ हजार.

चौथ्या वर्षी करार नव्याने करायची वेळ येते तेव्हा तर जास्तच अवघड होते. खर्च एव्हाना ८४,५८९ वर गेलेला असतो. पूर्वीसारखे १४,००० उरवायचे तर फी ९८,५८९ मागावी लागेल, म्हणजे एका झटक्यात २३ टक्के वाढ. ग्राहकाच्या खरेदी विभागाला ही लूट वाटते. तीन वर्षे एजन्सीने त्याला स्वस्तात सेवा दिली, हे त्याच्या कुठल्याच कागदावर दिसत नाही. तो तीन नवी कोटेशन मागवतो.

## मग किती टक्के लिहायचे?

अंदाजाने 'दहा टक्के लिहू, आठवर तुटेल' असे करू नका. हिशेब सोपा आहे. पुढच्या वर्षी खर्च किती रुपयांनी वाढेल ते काढायचे आणि त्याला आजच्या फीने भागायचे.

आपल्या उदाहरणात खर्च ६६,००० वरून ७१,६८० होतो, म्हणजे ५,६८० ने वाढतो. त्याला ८०,००० ने भागले की ७.१ टक्के मिळतात. ७ टक्के वाढ लिहिली तर फी दुसऱ्या वर्षी ८५,६०० आणि तिसऱ्या वर्षी ९१,५९२ होते. उरलेली रक्कम अनुक्रमे १३,९२० आणि १३,७३१. पहिल्या वर्षीच्या १४,००० च्या अगदी जवळ.

यात एक बारकावा आहे. सात टक्क्यांनी एजन्सीचा नफा रुपयांत टिकतो, प्रमाणात टिकत नाही. पहिल्या वर्षी ८०,००० मधले १४,००० म्हणजे साडेसतरा टक्के होते. तिसऱ्या वर्षी ९१,५९२ मधले १३,७३१ म्हणजे १५ टक्के. प्रमाणही टिकवायचे असेल तर फी खर्चाच्याच वेगाने, म्हणजे ८.६ टक्क्यांनी वाढायला हवी. म्हणून वाटाघाटीला बसताना दोन आकडे कागदावर असू द्या. ८.६ हा मागायचा आकडा आणि ७ हा त्याखाली न जाण्याचा. हे दोन आकडे प्रत्येक धंद्यात वेगळे येतील. ज्यांचा खर्च जवळपास सगळा पगारावर आहे, त्यांचा आकडा वर जाईल. ज्याचा खर्चच कमी आहे अशा एकट्या सल्लागाराचा खाली येईल.

आणखी एक शब्द जपून लिहा. '७ टक्के वाढ' मूळ फीवर की चालू फीवर? मूळ फीवर धरली तर दरवर्षी सरळ ५,६०० वाढतात आणि पाचव्या वर्षी फी १,०२,४०० होते. चालू फीवर धरली तर वाढीवर वाढ चढते आणि पाचव्या वर्षी ती १,०४,८६४ होते. तीन वर्षांच्या करारात फरक किरकोळ आहे, पाच वर्षांच्या करारात दरमहा अडीच हजारांचा. 'लगतच्या मागील वर्षाच्या फीवर' एवढे शब्द घातले की वाद संपतो. त्याहून बरे म्हणजे घरभाड्याच्या करारासारखे प्रत्येक वर्षाचा आकडा रुपयांतच लिहायचा.

## ठरावीक टक्का की निर्देशांक?

ठरावीक टक्क्याचा फायदा म्हणजे दोघांनाही पुढचे आकडे आजच दिसतात. ग्राहकाचा लेखा विभाग ते अंदाजपत्रकात घालू शकतो. तोटा एवढाच की महागाई अचानक उसळली तर टक्का तोकडा पडतो.

निर्देशांकाला बांधलेली वाढ उलट चालते. प्रत्यक्ष महागाई जेवढी, तेवढीच फी वाढते. ऐकायला हे जास्त न्याय्य वाटते आणि ग्राहकही त्यालाच पसंती देतात. पण सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ग्राहक किंमत निर्देशांक कुटुंबाच्या टोपलीचा आहे, एजन्सीच्या खर्चाचा नाही. २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत या टोपलीचा जवळपास ४६ टक्के हिस्सा खाण्यापिण्याचा होता. ऑक्टोबर २०२५ चा ०.२५ टक्के आकडा मुख्यतः भाजीपाला आणि इतर खाद्यवस्तू आदल्या वर्षापेक्षा स्वस्त झाल्याने आला. कांदा-टोमॅटो उतरले म्हणून डिझायनरचा पगार उतरत नाही. चांगला माणूस दुसरीकडे जायला निघाला, की त्याला थांबवायला लागणारा पगार बाजार ठरवतो, मंडई नाही.

उलट बाजूही पाहा. २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांत सरासरी किरकोळ महागाई अनुक्रमे ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के होती. एकावर एक चढवत गेले तर चार वर्षांत सुमारे २४ टक्के. त्या काळात ३ टक्के ठरावीक वाढ घेऊन बसलेल्यांची फी साडेबारा टक्क्यांच्या आसपास वाढली. म्हणजे महागाईने त्यांना अर्ध्यावरच गाठले.

म्हणून लांब करारात सगळ्यात टिकाऊ ठरते ते मिश्रण: वाढ निर्देशांकाप्रमाणे, पण किमान ५ आणि कमाल ९ टक्के. किमान मर्यादा सेवा देणाऱ्याला २०२५ सारख्या वर्षात सांभाळते, कमाल मर्यादा ग्राहकाला महागाई अचानक उसळलेल्या वर्षात. मर्यादा एकतर्फी ठेवू नका. ग्राहकाने नुसती कमाल मर्यादा घातली आणि किमान खोडली, तर उरते ते फक्त त्याच्या बाजूचे कलम. आणि तुम्ही फक्त किमान मागितली, तर तोही सही करणार नाही.

पाच वर्षांहून लांब करार नसेल आणि रक्कम महिन्याला लाखाच्या आतबाहेर असेल, तर ठरावीक टक्काच घ्यावा असे स्पष्ट मत आहे. निर्देशांकाची देखभाल छोट्या फर्मला झेपत नाही. पुढचा भाग वाचला की ते पटेल.

## निर्देशांकाला बांधायचेच असेल तर या तीन जागा सांभाळा

पहिली जागा महिन्याची. ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून येतो आणि तो आदल्या महिन्याचा असतो. तुमची वाढ १ एप्रिलपासून लागू असेल, तर त्या दिवशी मार्चचा आकडा जगात कुठेच नसतो. १२ मार्चला फेब्रुवारीचा मिळतो, तोही तात्पुरता. अंतिम आकडा नंतर येतो. म्हणून कलमात 'या वर्षीच्या जानेवारीचा निर्देशांक आणि मागच्या वर्षीच्या जानेवारीचा निर्देशांक' अशी महिन्यांची नावे घाला. 'वाढीच्या तारखेचा निर्देशांक' असे लिहिलेली कलमे दरवर्षी मे महिन्यापर्यंत लोंबकळतात. एका महिन्यातली उडी नको असेल, तर जानेवारी ते डिसेंबर अशा बारा महिन्यांची सरासरी धरता येते. ती जास्त शांत असते आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हातात येते.

दुसरी जागा गुणांची आणि टक्क्यांची. निर्देशांक १९० वरून १९८ झाला तर वाढ आठ टक्के नाही. ८ भागिले १९०, म्हणजे ४.२ टक्के. हा घोळ दोन्ही बाजूंकडून होतो. म्हणून सूत्रच लिहा: नवी फी = जुनी फी × (नवा निर्देशांक ÷ जुना निर्देशांक).

तिसरी जागा सगळ्यात घातक आणि बहुतेक करारांत मोकळीच सुटलेली असते. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलते. औद्योगिक कामगारांसाठीचा जो वेगळा निर्देशांक श्रम ब्युरो काढते, त्याचे आधारवर्ष २००१ होते. सप्टेंबर २०२० च्या आकड्यापासून ते २०१६ झाले. ऑगस्टमध्ये ३३८ च्या घरात असलेला निर्देशांक सप्टेंबरमध्ये ११८.१ असा छापून आला. भाव पडले नव्हते, मोजपट्टीचे शून्य हलवले होते. श्रम ब्युरोने त्यासाठी २.८८ हा जोडगुणक दिला, ११८.१ ला २.८८ ने गुणले की ३४० च्या आसपास येते आणि साखळी जुळते. ज्या करारात 'आधारवर्ष बदलल्यास प्रसिद्ध झालेला जोडगुणक वापरावा' ही ओळ होती, त्यांचे दोन मिनिटांत भागले. ज्यात नव्हती, त्यात ग्राहक '११८ भागिले ३३८' करून दाखवू शकतो आणि कागदावर त्याचे चुकत नाही.

## 'परस्पर संमतीने वाढ' हे कलमच नव्हे

'दरवर्षी फीचा आढावा घेऊन परस्पर संमतीने योग्य ती वाढ करण्यात येईल.' हे वाक्य असंख्य करारांत असते आणि सही करताना सगळ्यांना समाधान देते. त्यातून हाती काय लागते? समोरचा संमती देईल तेवढेच, आणि त्याने ती नाही दिली तर काय हे कुठेच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २९ म्हणते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार निरर्थक ठरतो. 'योग्य ती वाढ' म्हणजे किती हे कोणत्याही मापाने ठरत नाही. निर्देशांकाला बांधलेला आकडा आज माहीत नसला तरी उद्या निश्चित करता येतो, म्हणून तो चालतो. फरक एवढाच, पण सगळे त्यावर अवलंबून आहे.

वापरता येईल असे कलम साधारण असे दिसते:

> "मासिक फी दिनांक १ एप्रिल २०२६ पासून रुपये ८०,०००, दिनांक १ एप्रिल २०२७ पासून रुपये ८५,६०० आणि दिनांक १ एप्रिल २०२८ पासून रुपये ९१,५९२ राहील. या रकमांवर लागू दराने जीएसटी वेगळा आकारला जाईल. सदर वाढ आपोआप लागू होईल. त्यासाठी स्वतंत्र मंजुरीची आवश्यकता नाही. एखाद्या महिन्यात जुन्या दराने बिल दिले वा स्वीकारले गेले, म्हणून वाढीव रकमेवरील हक्क सोडला असे मानले जाणार नाही. मुदतीनंतर करार पुढे चालू राहिल्यास त्या वेळच्या फीवर दर १ एप्रिलला ७ टक्के वाढ लागू राहील. ही वाढ परिशिष्टात नमूद कामापुरती आहे. जादा कामाचे दर स्वतंत्रपणे ठरतील."

यातले शेवटचे वाक्य सहज वाटते, पण ते नसेल तर ग्राहकाच्या मनात वाढीचा अर्थ बदलतो. 'सात टक्के वाढवून दिले ना, मग महिन्याला दोन पोस्ट जास्त करा.' वाढ ही आहे त्याच कामाचा खर्च वाढल्याची भरपाई आहे. त्या बदल्यात नवे काम घेतले, तर सात टक्के हातात येण्याआधीच खर्च होतात.

कायद्यामुळे येणारा खर्च या टक्क्यात बसवू नका, त्याला वेगळी ओळ द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ज्यांनी मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे ठेवले होते, त्यांचा ग्रॅच्युइटीसारखा खर्च त्यामुळे वाढू शकतो. असा खर्च कोणाच्याही अंदाजात नसतो. 'कायद्यातील बदलामुळे मनुष्यबळाचा खर्च वाढल्यास पुराव्यासह प्रत्यक्ष फरक देय राहील' हे वाक्य त्यासाठी. सुरक्षारक्षक किंवा साफसफाईच्या कंत्राटात तर ते हवेच, कारण किमान वेतनाला जोडलेला विशेष भत्ता महाराष्ट्रात सहा महिन्यांनी बदलतो आणि तो टाळता येत नाही.

## 'आमचाच ग्राहक दर कमी करून मागतो, आम्ही तुम्हाला कुठून देऊ?'

चाकण-भोसरीकडे हे वाक्य खोटे नसते. मोठ्या वाहन कंपन्या सुटे भाग पुरवणाऱ्यांकडून दरवर्षी दरात कपात मागतात, हे त्या धंद्यातले रोजचे वास्तव आहे. पण सुटा भाग आणि सेवा यांत फरक आहे. एकच भाग लाखांनी काढला की यंत्राचा वेग वाढतो, भंगार कमी होते, प्रति नग खर्च खरोखर उतरतो. माणसाच्या तासावर चालणाऱ्या कामात तशी बचत मर्यादित असते.

तरीही थोडी असते, आणि ती मान्य केलेली बरी. पहिल्या वर्षी ग्राहकाचे काम समजून घेण्यात गेलेला वेळ दुसऱ्या वर्षी वाचतो. म्हणून पहिल्या वाढीत दीड-दोन टक्के सोडणे आणि दुसरी वाढ पूर्ण घेणे हा प्रामाणिक तोडगा आहे. आपल्या उदाहरणात ५.५ टक्के आणि मग ७ टक्के घेतले, तर फी ८४,४०० आणि ९०,३०८ होते.

## 'आम्हाला तीन वर्षे एकच दर हवा'

काही ठिकाणी व्यवस्थापनाने ठरवलेलेच असते की दर बदलणारा करार करायचा नाही. मग तीन वर्षांच्या फीची सरासरी काढा: ८०,०००, ८५,६०० आणि ९१,५९२ यांची सरासरी ८५,७३१ येते. हाच सपाट दर पहिल्या महिन्यापासून. ग्राहक एकूण तेवढेच पैसे देतो.

यात एक फरक आहे तो दोघांनीही ओळखावा. सपाट दरात पहिल्या वर्षी ग्राहक जास्त देतो आणि तिसऱ्या वर्षी कमी. त्यामुळे करार मध्येच तुटला तर त्याचे नुकसान होते, आणि तिसऱ्या वर्षी एजन्सीला काम जड वाटू लागते. पहिल्या वर्षी आलेले जादा ५,७३१ रुपये दरमहा बाजूला ठेवले नाहीत, तर तिसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्याच तक्त्यासारखी ओढाताण होते.

## 'दरवर्षी बसून बोलू की, कलम कशाला?'

बोलणी करायला हरकत नाही, पण कलम नसताना बोलणी करणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट असते: काम सोडण्याची धमकी. ती छोट्या फर्मला देता येत नाही आणि द्यावीही लागू नये. शिवाय तीन वर्षांत ग्राहकाकडचा माणूस बदलतो. ज्याने 'पुढच्या वर्षी बघू' म्हटले होते तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि नव्या माणसासमोर फक्त कागद असतो.

ग्राहकाला अडकल्यासारखे वाटत असेल तर त्याला दार ठेवा. निर्देशांकाने वाढ ८ टक्क्यांच्या वर गेली, तर तो ६० दिवसांची सूचना देऊन बाहेर पडू शकतो, असे लिहा. वाढीचा हक्क आणि बाहेर पडायचा हक्क एकमेकांसमोर ठेवले की सही लवकर होते.

## कलम आहे, तरी पैसे येत नाहीत

सर्वाधिक पैसे इथे बुडतात, आणि कारण कायद्याचे नसून संगणकाचे असते. ग्राहकाच्या लेखा विभागाला करार माहीत नसतो, त्याला परचेस ऑर्डर माहीत असते. पीओवर दरमहा ८०,००० असेल आणि तुम्ही एप्रिलमध्ये ८५,६०० चे बिल पाठवले, तर प्रणाली ते जुळवून घेत नाही आणि बिल परत येते. घाईत तुम्ही जुन्या दराचे बिल देता, 'फरक नंतर घेऊ' म्हणता. सप्टेंबरपर्यंत फरक ३३,६०० होतो आणि तोवर त्या वर्षाची तरतूद ठरून गेलेली असते.

म्हणून करारावर सही होते त्याच आठवड्यात पीओ मागताना त्यात तीन ओळी मागा, प्रत्येक वर्षाची वेगळी, तारखा आणि दरासह. पीओ दरवर्षी नवा निघत असेल तर जानेवारीच्या अखेरीस खरेदी विभागाला एक छोटा मेल पाठवा: कराराचा क्रमांक, कलमाचा क्रमांक, जुना दर, नवा दर, लागू तारीख. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुतेक कंपन्यांची पुढच्या वर्षाची अंदाजपत्रके ठरतात. एप्रिलमध्ये आठवण केली तर तरतूद संपल्यावर पोहोचलेले असता.

तारखेचीही एक गोम आहे. करार ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि वाढ 'प्रत्येक वर्ष पूर्ण झाल्यावर' लिहिली, तर तुमचे पगार एप्रिलमध्ये वाढतात आणि फी ऑक्टोबरमध्ये. मधले सहा महिने फरक खिशातून जातो. आपल्या उदाहरणात एकट्या पगाराचा तो फरक दरमहा ४,६८०, म्हणजे सहा महिन्यांत २८,०८०. पहिली वाढ येत्या एप्रिललाच, पण सहा महिन्यांपुरती निम्मी म्हणजे ३.५ टक्के घ्या, आणि पुढे दर एप्रिलला पूर्ण. तेवढ्याने दोन्ही कॅलेंडर जुळतात.

## चालू करारात कलमच नसेल तर

मध्येच एकतर्फी दर वाढवता येत नाही. दोघांच्या सहीने पुरवणी करार करूनच बदल होतो. मुदत संपायची वाट न पाहता, संपायच्या सहा महिने आधी प्रस्ताव ठेवा आणि त्यात ग्राहकाला काही तरी द्या. उदाहरणार्थ, 'उरलेल्या सहा महिन्यांचा दर आहे तोच ठेवतो, त्या बदल्यात करार आणखी दोन वर्षे वाढवू आणि येत्या एप्रिलपासून ७ टक्क्यांचे कलम घालू.' सोबत वरच्यासारखा तक्ता जोडा, पण त्यातला 'उरलेले' हा शेवटचा रकाना पाठवू नका. ग्राहकाला तुमच्या खर्चाची वाढ दाखवायची असते, नफा नाही. नफ्याचा आकडा एकदा समोर गेला की पुढची सगळी बोलणी त्याच आकड्यावर होतात.

आणि थकलेला मागचा फरक त्याच प्रस्तावात घालू नका. जो हक्क करारात नव्हता तो मागे जाऊन मागितला, की समोरचा पुढच्या सात टक्क्यांवरही सही करायचे थांबतो.